पेपरच्या आधीचे 24 तास : कोरे प्रकरण कोरेच राहू द्या

बारावीच्या जीवशास्त्राचा पेपर उद्या सकाळी 11 वाजता आहे. आज सकाळचे 11 वाजले आहेत. टेबलावर पुस्तक, वही, तीन रंगांची पेने आणि गार झालेला चहा आहे. पुस्तकातल्या 15 प्रकरणांपैकी 9 चांगली झाली आहेत. 5 प्रकरणे एकदा वाचून झाली, पण आता ती धूसर वाटतात. एक प्रकरण अजिबात उघडलेले नाही. ते बारावे, म्हणजे बायोटेक्नॉलॉजी. क्लासमध्ये ते शिकवले तेव्हा ही मुलगी तापाने घरी होती. नंतर ते राहून गेले ते राहूनच गेले.

घरातले सगळे त्या एका प्रकरणाबद्दल बोलत आहेत. वडील म्हणतात, "अगं, अख्खा दिवस पडलाय, रात्र पडलीय. एवढं एक उरकून टाक, म्हणजे काही राहिलं असं वाटायला नको." ऐकायला हे अगदी रास्त वाटते. 24 तास आहेत आणि प्रकरण एकच आहे. पण मेंदूचा हिशेब वेगळा असतो. हे प्रकरण आज हातात घेतले तर ते स्वतःचे गुण मिळवून देण्याची शक्यता कमी आहे. येत असलेल्या दुसऱ्या प्रकरणाचे गुण ते घालवेल, ही शक्यता मात्र खरी आहे.

विसरलेले आणि नवे यांत फरक

'नवा विषय' कशाला म्हणायचे, हे आधी ठरवायला हवे. कारण शेवटच्या दिवशी जवळजवळ प्रत्येक पान नवे वाटू लागते. जून-जुलैमध्ये वाचलेले प्रकरण फेब्रुवारीत उघडले की 'हे आपण कधी वाचलेच नव्हते' असे वाटते. बहुतेक वेळा ते खरे नसते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली स्मरणावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ते स्वतःवरच प्रयोग करत. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा त्याच याद्या पाठ करायच्या, अशी त्यांची पद्धत होती. पहिल्या काही तासांत बरेचसे विसरायला होते, हे त्यांना दिसले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागत होता. आठवत नसले तरी मेंदूत काहीतरी शिल्लक राहिलेले असते, आणि दुसऱ्या वेळी ते उपयोगी पडते.

परीक्षेच्या आदल्या दिवसाचे गणित या एका निरीक्षणावर उभे आहे. धूसर झालेली पाच प्रकरणे आज कमी वेळात परत येऊ शकतात, कारण त्यांचा पाया आधीच घातलेला आहे. कोऱ्या प्रकरणाला पायाच नाही. तेवढ्याच दोन तासांत एक कोरे प्रकरण जेमतेम डोळ्यांखालून जाईल, तर दोन धूसर प्रकरणे पुन्हा लिहिता येण्याजोगी होतील.

फरक ओळखायची चाचणी सोपी आहे. पुस्तक बंद ठेवायचे आणि प्रकरणाचे नाव एका कागदावर लिहायचे. त्याबद्दल जे आठवेल ते पाच मिनिटे लिहीत राहायचे. तुटक, चुकीच्या क्रमाने, अर्धवट काहीही चालेल. चार-पाच शब्द आणि एखादी अर्धी आकृती उतरली तर ते प्रकरण विसरलेले आहे, नवे नाही. कागद कोराच राहिला, पुस्तक उघडल्यावर मथळेही अनोळखी वाटले, तर ते नवे. मग ते मिटून बाजूला ठेवायचे. शक्य असेल तर ती पाने रबरबँडने बांधून टाकावीत. पुन्हा पुन्हा हात तिकडे जातो, तो थांबतो.

एक प्रकरण दुसऱ्याला कसे बिघडवते

बायोटेक्नॉलॉजी आज वाचले तर नेमके काय होईल? त्यासाठी या मुलीला उत्तम येत असलेले चौथे प्रकरण पाहू. त्यात डीएनएची प्रतिकृती कशी तयार होते, म्हणजे रेप्लिकेशन, हा भाग आहे. तिला त्याची पायरीन् पायरी येते. हेलिकेज हे एन्झाइम डीएनएचे दोन धागे उलगडते. आरएनएचा छोटा प्रायमर लागतो. डीएनए पॉलिमरेज त्याला पुढे जोडत जाते. एका धाग्यावर तुकडे तयार होतात, त्यांना ओकाझाकी तुकडे म्हणतात, आणि ते लायगेज सांधते.

आता बाराव्या प्रकरणातले पीसीआर उघडा. तिथेही डीएनएच्या प्रती काढायच्या आहेत. तिथेही धागे वेगळे होतात, पण हेलिकेजने नव्हे, तर सुमारे 94 अंश सेल्सिअसच्या उष्णतेने. तिथेही प्रायमर आहे, पण सहसा तो डीएनएचा असतो. तिथेही पॉलिमरेज आहे, पण ते उष्णता सोसणाऱ्या जिवाणूपासून मिळवलेले टॅक पॉलिमरेज. त्याच प्रकरणात लायगेजही पुन्हा भेटते, पण त्याचे काम वेगळे. ते हवा असलेला जनुक वाहक डीएनएमध्ये जोडते.

शब्द तेच आहेत, संदर्भ वेगळे आहेत. जून महिन्यात दोन्ही प्रकरणे शिकली असती आणि मध्ये पुरेसा काळ गेला असता, तर या साम्याचा उपयोगच झाला असता. एक आठवले की दुसरे आपोआप आठवले असते. पण एक पक्के आणि दुसरे काल रात्री दहा वाजता घाईने वाचलेले, अशी स्थिती असली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. पेपरमध्ये रेप्लिकेशनवर प्रश्न येतो, लेखणी चालू होते आणि तिसऱ्या ओळीत 'उष्णतेने धागे वेगळे होतात' असे लिहून होते. लिहिणारीला ते चुकले हे कळतही नाही, कारण ते वाक्य तिला सर्वांत ताजे आठवत असते.

या प्रकाराला मानसशास्त्रात व्यत्यय म्हणतात. नव्याने शिकलेले आधी शिकलेल्याच्या आड येते. गॉटिंगनचे म्युलर आणि पिल्झेकर यांनी 1900 साली असे मांडले, की शिकलेली गोष्ट मेंदूत लगेच पक्की होत नाही. तिला पक्के व्हायला वेळ लागतो, आणि त्या काळात दुसरे काही शिकले तर पहिली कच्ची राहते. पुढच्या शतकभरात या कल्पनेत पुष्कळ भर पडली, पण गाभा टिकला. दोन गोष्टी जितक्या सारख्या, तितका व्यत्यय जास्त. म्हणून कोऱ्या प्रकरणाचा सर्वांत मोठा धोका त्याच्या सख्ख्या शेजाऱ्याला असतो. जीवशास्त्रात रेप्लिकेशनला पीसीआरचा, रसायनशास्त्रात एका नामांकित अभिक्रियेला तशाच दुसरीचा, इतिहासात एका तहाला दुसऱ्या तहाचा.

कोऱ्या प्रकरणाची खरी किंमत

घरचे ज्या भीतीने बोलतात ती भीती आकड्यांत तपासून पाहू. राज्य मंडळाचा बारावी जीवशास्त्राचा लेखी पेपर 70 गुणांचा असतो. पहिल्या प्रश्नात एक-एक गुणाचे 10 बहुपर्यायी प्रश्न आणि दुसऱ्यात एक-एक गुणाचे 8 अतिलघुत्तरी प्रश्न. हे 18 गुण सक्तीचे, त्यांत निवड नाही. त्यानंतर दोन गुणांचे 12 प्रश्न, त्यांपैकी कोणतेही 8 सोडवायचे. तीन गुणांचे 12, त्यांपैकी 8. चार गुणांचे 5, त्यांपैकी 3.

बेरीज केली तर छापलेले प्रश्न 98 गुणांचे आहेत आणि सोडवायचे 70 गुणांचे. म्हणजे 28 गुणांचे प्रश्न सोडण्याची मुभा पेपरच देतो. बायोटेक्नॉलॉजीवर दोन गुणांचा एक आणि तीन किंवा चार गुणांचा एक प्रश्न आला, तरी तो त्या सोडायच्या प्रश्नांत बसतो. खरे नुकसान सक्तीच्या 18 गुणांत एखाद-दोन प्रश्न त्या प्रकरणावर आले तर होईल. त्यातही बहुपर्यायी प्रश्न असेल तर अंदाजाने पर्याय लिहिता येतो, कारण इथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

कोरे प्रकरण सोडण्याची किंमत साधारण एक-दोन गुणांची आहे. ते आज वाचण्याची किंमत धूसर पाच प्रकरणे, रात्रीची झोप आणि रेप्लिकेशनच्या उत्तरातला गोंधळ यांत मोजावी लागते. हा हिशेब कागदावर मांडून वडिलांना दाखवला तर बहुतेक घरांत वाद मिटतो. तोंडाने सांगितले तर 'आळस' वाटतो.

अर्थात, निवडीची ही मुभा एकच प्रकरण कोरे असेपर्यंत. चार-पाच कोरी असतील तर 28 गुणांची जागा भरून जाते आणि हा हिशेब लागू पडत नाही.

दुपार आणि संध्याकाळ : वाचू नका, काढून पाहा

आता उरतात ती धूसर पाच प्रकरणे आणि पक्की नऊ. त्यांचे काय करायचे? बहुतेक मुले पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि ओळी रंगवत जातात. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, त्यामुळे 'येतंय' असा समज होतो. पण समोर आलेली गोष्ट ओळखणे आणि समोर काही नसताना ती आठवणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. पेपरमध्ये मोठ्या प्रश्नांना दुसरे काम लागते.

अमेरिकेतील रोएडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचण्यांत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्याने तात्पुरता आत्मविश्वास येतो. आठवून लिहिल्याने ते टिकते. आणखी एक फायदा म्हणजे, कुठे अडते ते आजच कळते, उद्या नव्हे.

या मुलीने काय करावे ते आठव्या प्रकरणावरून पाहू. त्यात हृदयाचे ठोके कसे निर्माण होतात हा भाग आहे. पुस्तक बंद ठेवून ती हृदयाचा उभा छेद काढते आणि विद्युतसंदेशाचा मार्ग लिहिते : उजव्या कर्णिकेतला एसए नोड, मग बंडल ऑफ हिज, मग पर्किंजे तंतू, मग जवनिका आकुंचन पावतात. आता पुस्तक उघडून ताडून पाहते. एव्ही नोड राहून गेला आहे.

इथे संपूर्ण पान पुन्हा वाचायची गरज नाही. राहिलेली तेवढीच गोष्ट लाल पेनाने आपल्या आकृतीत घालायची आणि तिचे कारण एका वाक्यात समजून घ्यायचे. एव्ही नोडजवळ संदेश क्षणभर रेंगाळतो, म्हणून आधी कर्णिका आकुंचन पावून रक्त खाली ढकलतात आणि मग जवनिका आकुंचन पावतात. कारण कळले की एव्ही नोड आता यादीतला सुटा शब्द राहत नाही. त्याच्याशिवाय गोष्ट पूर्णच होत नाही. मग दुसऱ्या प्रकरणाकडे वळायचे आणि 40-45 मिनिटांनी परत येऊन तीच आकृती कोऱ्या कागदावर काढायची. या वेळी एव्ही नोड आला तर ते काम संपले. पुन्हा राहिला तर त्याची एक ओळ 'लाल कागदा'वर जाते.

हा लाल कागद दिवसाचा खरा ऐवज आहे. एकच ए-फोर कागद, दोन्ही बाजू. त्यावर फक्त दोनदा निसटलेल्या गोष्टी. संपूर्ण सारांश नाही, सूत्रांची यादी नाही. तो कागद संध्याकाळपर्यंत भरला नाही तर चांगलेच. दोन्ही बाजू भरून तिसरी लागत असेल तर आपण आठवून पाहण्याऐवजी पुन्हा नोट्स काढत बसलो आहोत, हे समजावे.

वेळेची वाटणी साधारण अशी बसते. पहिला अर्धा तास पाच मिनिटांची चाचणी घेऊन प्रकरणांची वर्गवारी करण्यात जातो. ती फक्त शंकेच्या प्रकरणांची घ्यावी लागते. जेवणापर्यंत धूसरपैकी दोन प्रकरणे. जेवणानंतर 20-25 मिनिटांची डुलकी. गजर लावून, कारण तासभर झोप झाली तर उठल्यावर डोके जड राहते आणि रात्री झोप लांबते. संध्याकाळी सातपर्यंत उरलेली तीन. मध्ये दर तासाला दहा मिनिटे उठून चालणे. रात्री आठ ते साडेनऊ पक्क्या नऊ प्रकरणांच्या फक्त आकृत्या आणि मथळे. त्यानंतर पुस्तक बंद.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मैत्रिणीचा फोन येतो. "बायोटेकवर चार मार्कांचा नक्की येणार, सर म्हणाले." मोबाइलवर 'अतिमहत्त्वाचे प्रश्न' फिरू लागतात. नवा विषय दारातून नाही तर असा खिडकीतून आत येतो. म्हणून संध्याकाळी पाचनंतर फोन आईच्या ताब्यात असावा. चार गुणांचा तो प्रश्न आलाच तरी पाचपैकी तीन सोडवायचे आहेत, हे दुपारीच पाहून झाले आहे.

रात्र : अभ्यासाचाच भाग

दिवसभर आठवून लिहिलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. जागेपणी मिळालेली माहिती आधी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या आधाराने साठते. गाढ झोपेत त्यातल्या नोंदी पुन्हा उजळल्या जातात आणि मेंदूच्या बाह्यस्तराशी त्यांचे जोड बळकट होतात. झोपेत नवी माहितीही आत येत नसते, त्यामुळे व्यत्यय नसतो. रात्री दोनपर्यंत जागून वाचलेले प्रकरण याच कामाचा वेळ खाते.

जागरणाचा दुसरा तोटा सकाळी दिसतो. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसांची हात आणि नजर यांच्या समन्वयाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असताना होते तितकी घसरलेली आढळली. भारतात वाहन चालवण्यासाठीची मर्यादा 0.03 टक्के आहे. सकाळी सहाला उठलेल्या मुलीला 17 तास रात्री अकरालाच पूर्ण होतात. त्यानंतर ती जे वाचते ते अशा मेंदूने वाचते, आणि तरीही तिला वाटत असते की आपण नीट वाचतोय.

चहाबद्दलही सांगायला हवे. चहा-कॉफीतले कॅफीन थकवा घालवत नाही. मेंदूत दिवसभर साठणाऱ्या आणि झोपेची जाणीव करून देणाऱ्या अॅडेनोसिनला ते काही काळ अडवते. शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतले अर्धे कॅफीन पहाटे दोनलाही शरीरात असते. म्हणून शेवटचा चहा दुपारी चारचा. रोज दोन कप घेणाऱ्याने मात्र त्या दिवशी तो अचानक बंद करू नये, डोके दुखते.

झोप लागत नसेल तर? पेपरच्या आदल्या रात्री हे अनेकांचे होते आणि त्याची भीती झोपेहून जास्त नुकसान करते. आधीच्या चार-पाच रात्री बऱ्या झाल्या असतील तर एका रात्रीच्या कमी झोपेने शिकलेले पुसले जात नाही. 20 मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसावे, पाणी प्यावे, पुन्हा आडवे व्हावे. घड्याळाकडे पाहू नये आणि पुस्तकाकडे तर नाहीच. 'झोप येतच नाही तर वाचू तरी' या वाक्यानेच रबरबँड सुटतो.

या रात्री गोळ्यांचे प्रयोगही नकोत. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते म्हणून त्या दिल्या जातात. त्यांची गुंगी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकू शकते. 'हात थरथरू नयेत' म्हणून कुणाच्या तरी घरातली प्रोप्रॅनॉलॉल देणारेही असतात. दमा असलेल्या मुलात त्या गोळीने श्वासनलिका आकसून जिवावर बेतू शकते. डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेली नसलेली कोणतीही गोळी परीक्षेच्या आदल्या रात्री पहिल्यांदा घ्यायची नाही.

सकाळ : फक्त लाल कागद

पहाटे चारला उठून वाचण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ज्यांची ती वर्षभराची सवय आहे आणि जे रात्री नऊला झोपतात त्यांनी ती मोडू नये. इतरांनी त्या दिवशी ती नव्याने लावू नये. सहा ते साडेसहा ही वेळ पुरते. उठल्यावरचा पहिला अर्धा तास मेंदू अर्धवट झोपेतच असतो. तेव्हा काही आठवले नाही तर घाबरायचे नाही, आंघोळ उरकायची.

सात ते साडेआठ लाल कागद. वरची ओळ झाकायची, आठवायची, उघडून पाहायची. दोन फेऱ्या पुरतात. मग रोजचाच नाश्ता. पोहे खाणाऱ्या मुलीला त्या दिवशी 'ताकदीसाठी' शिरा, बदाम आणि दुधाचा मोठा पेला असे सगळे दिले तर हॉलमध्ये पोट जड होते. उपाशी जाणेही वाईट. उकाडा, गर्दी आणि रिकामे पोट यांत चक्कर येऊन पडणारी मुले दरवर्षी असतात. प्रवेशपत्र, पेने आणि पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत गेलेली असावी. केंद्रावर साडेदहाला हजर व्हायचे असते, त्यामुळे निघण्याची वेळ तिथून मागे मोजायची.

केंद्राच्या फाटकाबाहेरचा अर्धा तास हा 24 तासांतला सर्वांत धोक्याचा. कुणीतरी विचारतेच, "टॅक पॉलिमरेज केलंस का गं?" उत्तर 'नाही' असते, आणि त्याच क्षणी आलेले सगळे गेल्यासारखे वाटते. ते गेलेले नसते. घाबरल्यावर वाढणारी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके साठवलेले पुसत नाहीत, पण ते बाहेर काढणे काही काळ अवघड करतात. म्हणून मित्रमैत्रिणींपासून थोडे दूर उभे राहणे हा उद्धटपणा नव्हे.

हॉलमध्येही असे झाले तर प्रश्न एक क्रमाने सोडवण्याचा हट्ट सोडावा. श्वास आत घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ बाहेर सोडायला द्यावा, असे सात-आठ वेळा. मग सर्वांत ओळखीची आकृती असलेला प्रश्न घ्यावा. आकृतीतली एक रेघ दुसरीला बोलावते. हृदयाचा छेद काढता काढता एव्ही नोड आठवतो, आणि त्याच्याबरोबर बाकीचेही यायला लागते.

नियमाला अपवाद

पंधरापैकी सात-आठ प्रकरणे कोरी असतील तर 'नवे काही नको' हा नियम जसाच्या तसा पाळता येणार नाही. तरी तिथेही क्रम तोच ठेवावा. आधी येणारी प्रकरणे आठवून लिहून पक्की करायची. मग दुपारी दोनच्या आत, फक्त एक किंवा दोन छोटी कोरी प्रकरणे घ्यायची, आणि ती अशी की येत असलेल्या प्रकरणांशी त्यांचे शब्द सारखे नाहीत. रेप्लिकेशन येत असेल तर पीसीआर नको. परिसंस्थेतली अन्नसाखळी आणि ऊर्जेचे पिरॅमिड चालतील. त्यातही व्याख्या आणि एक आकृती एवढेच. दोननंतर त्यांनाही दार बंद. हा तोटा कमी करण्याचा मार्ग आहे. तयारीची जागा तो घेत नाही.

एकच प्रकरण राहिलेल्या मुलीसाठी मात्र दुपारी वडिलांना दाखवलेला हिशेब पुरेसा आहे. वडील कागद दोनदा वाचतात, बेरीज स्वतः करून पाहतात आणि म्हणतात, "बरं, मग ते हृदयाचं काढून दाखव." ती काढते. एव्ही नोड या वेळी जागेवर असतो. रबरबँड लावलेली पाने पेपर झाल्यावर, प्रवेश परीक्षेच्या तयारीला बसल्यावर उघडता येतील. तेव्हा ती शांतपणे, पुरेसा वेळ देऊन वाचावीच लागतील.